जोडदिवस कोणाचा?

गगनबावडा हे तालुक्याचे ठाणे घाटमाथ्यावर आहे. पूर्वेला पंचावन्न किलोमीटरवर कोल्हापूर, पश्चिमेला करूळ आणि भुईबावडा हे दोन घाट उतरले की वैभववाडी. पावसाळ्यात कोल्हापूर जिल्ह्यातला सर्वाधिक पाऊस याच टापूत पडतो. इथल्या सरकारी कार्यालयांत काम करणारी माणसे साधारण तीन प्रकारची. काही तालुक्यातलीच, काही रोज एसटीने नाहीतर दुचाकीने कोल्हापूरकडून येणारी आणि काहींचे मूळ घर घाटाखाली कोकणात. एरवी हा फरक कोणाच्या लक्षातही येत नाही. सुट्टीला जोडून रजा मागायची वेळ आली की मात्र तो टेबलावर येऊन बसतो. कोकणातल्यांना गणपतीला घाट उतरून घरी जायचे असते, कोल्हापूरकरांना सोमवारी सकाळची एसटी टाळायची असते, आणि तालुक्यातल्या माणसाला बाकीचे सगळे म्हणतात, “तुम्ही इथलेच की दादा, तुम्हाला कुठं जायचंय?”

या वाक्यातून बहुतेक तक्रारी जन्माला येतात, म्हणून ते आधी बाजूला काढून ठेवू. घर जवळ आहे म्हणून सण लहान होत नाही. ज्याचे घर कार्यालयापासून दहा मिनिटांवर आहे त्याच्याही घरी गणपती बसतो आणि गौरीच्या दिवशी माहेरवाशिणी येतात. अंतरामुळे प्रवासाचा वेळ वाढतो, तेवढा वेळ मागण्याचा हक्क दूरच्या माणसाला आहे. त्यापुढचे दिवस सगळ्यांनी सारख्या तोंडाने मागायचे आहेत.

नियम थोडक्यात पाहू, कारण पुढचा हिशेब त्यावरच उभा आहे. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्याला कॅलेंडर वर्षात आठ किरकोळ रजा मिळतात आणि न वापरलेल्या ३१ डिसेंबरला संपतात. अर्जित रजा १ जानेवारी आणि १ जुलैला पंधरा-पंधरा दिवस खात्यात जमा होते आणि ती साठवता येते. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ मधला दहावा नियम सांगतो, की रजा हक्क म्हणून मागता येत नाही. २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा लागू झाला आणि शनिवार-रविवार दोन्ही मोकळे झाले. जोडरजेची ओढ तेव्हापासून जास्त वाढली. गुरुवारी सुट्टी आली की शुक्रवारची एकच रजा टाकून चार दिवस सलग मिळतात. मंगळवारी आली तर सोमवारचेही तसेच.

हजेरीपत्रकात त्या शुक्रवारची रजा आणि जुलैतल्या एखाद्या बुधवारची रजा सारखीच दिसते. दोन्हींची किंमत एक. पण माणसाच्या हाती पडते ते वेगळे. बुधवारच्या रजेने एक दिवस मिळतो, त्या शुक्रवारने चार. म्हणून वर्षअखेर दोघांनीही आठ-आठ रजा घेतल्या, सारखेच झाले, असे म्हणणे फसवे आहे. एकाच्या आठांपैकी सहा सुट्टीला चिकटलेल्या असतील आणि दुसऱ्याच्या आठही आजारपणात, मुलाच्या शाळेत, दाखल्याच्या रांगेत गेल्या असतील. सुट्टीला चिकटलेल्या कामाच्या दिवसाला मी इथे जोडदिवस म्हणतो. सहकाऱ्यांमध्ये न्याय करायचा तर मोजायचे ते एवढेच, की कोणाला किती जोडदिवस मिळाले. एकूण रजा मोजून ते कळत नाही.

आता एक कार्यालय घेऊ. ते नमुन्याचे आहे, पण तारखा खऱ्या आहेत. २०२५ मध्ये गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला, बुधवारी आली. गुरुवार-शुक्रवार २८ आणि २९ कामाचे. शनिवार-रविवार सुट्टी, त्यातल्या रविवारी, ३१ तारखेला गौरी आल्या. सोमवारी १ सप्टेंबरला गौरीपूजन, मंगळवारी २ तारखेला विसर्जन. म्हणजे बुधवार ते मंगळवार सात दिवस घरी राहायचे असेल तर २८, २९, १ आणि २ असे चार कामाचे दिवस सोडवून घ्यावे लागत होते.

रजेचा प्रकार इथे फरक पाडतो. सर्वसाधारणपणे किरकोळ रजेच्या मध्ये आलेले शनिवार-रविवार रजेत धरत नाहीत, म्हणून चार किरकोळ रजा पुरतात. तेच दिवस अर्जित रजेवर टाकले तर मधला शनिवार-रविवारही रजेत मोजला जातो आणि खात्यातून २८ ऑगस्ट ते २ सप्टेंबर असे सहा दिवस वजा होतात. पुढे आणि मागे लागून असलेल्या सुट्ट्या मात्र जोडता येतात, त्या वजा होत नाहीत. किरकोळ रजा सलग किती दिवस घेता येते यालाही मर्यादा असते, म्हणून अर्ज लिहिण्यापूर्वी आस्थापनेच्या टेबलावर एकदा विचारून घ्यावे.

आपल्या कार्यालयात सहा माणसे आहेत. अधिकारी, कोल्हापूरहून येणाऱ्या वरिष्ठ सहायक ताई, वैभववाडीकडचा लेखा लिपिक, तालुक्यातलाच आवक-जावक लिपिक, नुकताच लागलेला एक तरुण कनिष्ठ लिपिक ज्याच्या घरी गणपती बसत नाही, आणि तालुक्यातलाच शिपाई. ऑगस्टअखेर घाटमाथ्यावर पाऊस असतोच, दरड, पूल, वीज यांची माहिती वर कळवावी लागते. म्हणून कामाच्या कोणत्याही दिवशी सहापैकी चार हजर हवेत, असे अधिकाऱ्यांनी ठरवले आहे. म्हणजे रोज दोनच जागा सुटतात. चार दिवसांच्या मिळून आठ.

मागण्या अशा आल्या. लेखा लिपिकाला चारही दिवस. ताईंना गौरीचे दोन, १ आणि २. आवक-जावक लिपिकाला २८, कारण घरचा गणपती दीड दिवसाचा. शिपायाला गौरीपूजनाचा १ सप्टेंबर. अधिकाऱ्यांना २९. तरुण लिपिकाला २८ आणि २९, म्हणजे बुधवार ते रविवार पाच दिवस फिरायला. बेरीज अकरा. जागा आठ. २८, २९ आणि १ या तिन्ही दिवशी तिघे-तिघे, फक्त २ तारखेला दोघे.

हे कसे सोडवायचे? सगळ्यात सोपी पद्धत म्हणजे ज्याचा अर्ज आधी त्याला. सरकारी कार्यालयांत ती फार चालते, कारण तीत कोणाला काही ठरवावे लागत नाही. पण ती काय करते ते पाहा. तरुण लिपिकाने जूनमध्येच तिकीट काढलेले असते. रेल्वेचे आगाऊ आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून साठ दिवस आधी उघडते, म्हणजे २७ ऑगस्टच्या गाडीसाठी जूनअखेर. आधी तिकीट, मग अर्ज, आणि अर्जात लिहिलेले की आरक्षण झाले आहे. आता नाही म्हटले तर त्याचे पैसे जातात, हो म्हटले तर घरी गणपती असलेला माणूस अडतो. कोणी कोणाला फसवलेले नसते, तरी सहकाऱ्यांसमोर ठरून गेलेली गोष्टच येते. म्हणून माझ्या मते जोडदिवसांच्या बाबतीत पहिला नियम एकच असावा. मोठ्या सणाची बोलणी आरक्षण उघडण्याआधी व्हावीत आणि विचारण्याआधी काढलेले तिकीट हे कारण म्हणून धरले जाऊ नये. गणपतीसाठी याचा अर्थ, जूनच्या तिसऱ्या आठवड्यात सहाही जणांनी एकत्र बसावे.

ज्येष्ठतेने द्यायचे ठरवले तर अधिकारी आणि ताई दरवर्षी सुटतात, शिपाई कधीच नाही. चिठ्ठ्या टाकणे त्यापेक्षा बरे, पण ज्यांची गरज सारखी आहे त्यांच्यातच. गौरीपूजन आणि फिरायला जाणे यांच्यात चिठ्ठी टाकणे मला पटत नाही, कारण गौरीपूजनाची तारीख हलत नाही, सहलीची हलते. जर्मनीत १९६३ चा रजा कायदा या गोष्टीला शब्द देतो. मालकाने कर्मचाऱ्याची रजेची इच्छा मानावी, अपवाद दोनच. एक कामाची तातडीची गरज, दुसरा अपवाद सामाजिक कारणाने ज्याला प्राधान्य मिळायला हवे अशा दुसऱ्या कर्मचाऱ्याची मागणी. शाळेत जाणारी मुले असलेल्याला शाळेच्या सुट्टीत आधी संधी, हे तिथले नेहमीचे उदाहरण. सुट्टी आणि शनिवार-रविवार यांच्यात सापडलेल्या दिवसाला तिथे ‘पुलाचा दिवस’ म्हणतात. जपानमध्ये तर दोन राष्ट्रीय सुट्ट्यांच्या मध्ये एकच दिवस उरला तर तोही कायद्यानेच सुट्टी होतो, म्हणजे वादच उरत नाही. आपल्याकडे तसा कायदा नाही, म्हणून ही वाटणी टेबलाभोवती बसूनच करावी लागते.

आपल्या सहा जणांची बैठक झाली असे धरू. लेखा लिपिक आधी बोलला. त्याने कसे मागितले ते इथे जवळून पाहण्यासारखे आहे. तो म्हणाला, “साहेब, मला २८, २९, १ आणि २ हवेत. घरी गौरी-गणपती आहेत, मुंबईहून भाऊ येणार. पण सगळे मिळणार नाहीत हे दिसतंय. सोडायची वेळ आलीच तर २ तारीख सोडीन, पूजन उरकून घाट चढून येतो. त्या आठवड्यात वेतन देयक माझ्याकडं आहे, ते २५ तारखेपर्यंत पूर्ण करून ताईंना दाखवतो. आणि यंदा मी शिवजयंतीनंतरचा शुक्रवार घेतला नव्हता, पण मे महिन्यात २ तारीख घेतली होती.”

यात चार गोष्टी आल्या. नेमके दिवस, त्यांतला सोडता येईल असा दिवस, हातातले काम कुठपर्यंत नेऊन ठेवणार, आणि या वर्षी आधी घेतलेला जोडदिवस. २०२५ मध्ये १ मे गुरुवारी होता, म्हणून २ मेचा शुक्रवार जोडदिवस होता. शिवजयंती बुधवारी होती, तेव्हा त्यानंतरच्या शुक्रवारी घरी राहायचे तर गुरुवारही टाकावा लागला असता, म्हणून तो फारसा कोणी घेतलाही नव्हता. स्वतःच्या नावावरचा जोडदिवस स्वतःच सांगितल्याने पुढची बोलणी सोपी झाली. दुसऱ्याने तो काढून दाखवला असता तर ती तक्रार ठरली असती.

मग अधिकाऱ्यांनी तरुण लिपिकाकडे पाहिले. त्याच्यावर दबाव येणे इथे सोपे होते. घरी गणपती नाही, लग्न झालेले नाही, सगळ्यात कनिष्ठ, त्यानेच सोडावे असे सगळ्यांच्या मनात. अशा माणसाने दरवर्षी सोडले की पाच वर्षांत तो कार्यालयाचा कायमचा राखणदार होतो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून त्याच्याकडून सोडवून घ्यायचे तर त्याला बदल्यात तारीख द्यायला हवी, तीही तिथेच. २०२५ मध्ये दसरा आणि गांधी जयंती एकाच दिवशी, गुरुवारी २ ऑक्टोबरला आले होते, म्हणजे ३ ऑक्टोबरचा शुक्रवार जोडदिवस. तो त्याला पहिल्या हक्काने दिला आणि एका वहीत लिहिला. त्याने २८ आणि २९ सोडले.

आता २८ ला लेखा आणि आवक-जावक, २९ ला लेखा आणि अधिकारी, २ तारखेला लेखा आणि ताई. अडकला तो फक्त गौरीपूजनाचा सोमवार, जिथे लेखा, ताई आणि शिपाई तिघेही हवेत आणि जागा दोनच. तिघांच्याही घरी पूजन. इथे सुटसुटीत उत्तर नाही. शिपायाने अर्धा दिवस घेतला. सकाळी येऊन कार्यालय उघडले, टपाल घेतले, दुपारी घरी गेला. तेवढ्या दुपारी चारांऐवजी तिघांवर कार्यालय चालवायला अधिकाऱ्यांनी मान्यता दिली आणि दूरध्वनीजवळ स्वतः बसायचे ठरवले. शिपायाला पूर्ण दिवस मिळाला नाही, ही त्या वाटणीतली खरी उणीव आहे आणि ती तशीच वहीत लिहिली गेली.

ती वही म्हणजे साधी पाठकोरी वही. डाव्या बाजूला सहा नावे, उजव्या बाजूला वर्षातले जोडदिवस. मेमधला २ तारखेचा दिवस आधीच लेखा लिपिकाच्या नावावर होता. गणपतीनंतर त्याच्या नावावर पाच झाले, ताईंच्या दोन, आवक-जावक आणि अधिकारी यांचा एक-एक, शिपायाचा अर्धा, तरुण लिपिकाचा शून्य. लगेच पुढे दिवाळी होती. २१ ऑक्टोबर मंगळवारी लक्ष्मीपूजन, बुधवारी पाडवा, गुरुवारी भाऊबीज. म्हणजे सोमवार २० आणि शुक्रवार २४ असे दोन जोडदिवस, प्रत्येकी दोन जागा. वहीत ज्याच्या नावावर सगळ्यात कमी, त्याने आधी निवडायचे. ३ ऑक्टोबर धरूनही तरुण लिपिक एकावरच, म्हणून पहिली निवड शिपायाची, मग एक-एक असलेल्या तिघांची. लेखा लिपिक शेवटी. त्यानेही ते मान्य केले, कारण गणपतीला चारही दिवस मिळताना त्याच्यासमोर हाच आकडा लिहिला गेला होता.

या पद्धतीची एक मर्यादा ध्यानात ठेवावी लागते. बदल्या साधारणपणे एप्रिल-मे महिन्यांत होतात. या वर्षी दिलेला शब्द पुढच्या वर्षावर ढकलला तर देणारा किंवा घेणारा, दोघांपैकी एक तालुक्यातच नसतो. म्हणून सोडलेल्या दिवसाची भरपाई त्याच कॅलेंडर वर्षात व्हावी आणि १ जानेवारीला वही नव्याने सुरू व्हावी. किरकोळ रजाही तेव्हाच संपतात, त्यामुळे हा मेळ बसतो. डिसेंबरात मात्र गर्दी होते. वाया जाऊ नयेत म्हणून उरलेल्या रजा सगळेच नाताळच्या आसपास काढतात. ती टाळायची तर ऑक्टोबरात एकदा प्रत्येकाच्या किती उरल्या आहेत ते पाहून घ्यावे.

वाटणी बिघडली आहे हे कसे ओळखावे? दोन खुणा पक्क्या आहेत. जोडदिवशी आजारपणाचे फोन वाढले, तर समजावे की माणसांना सरळ मागून मिळत नाही असे वाटू लागले आहे. आणि कोणी मागणेच सोडले, तर त्याला रजा नको असते असे धरू नये. वर्षभर जोडदिवसाच्या रकान्यात ज्याचे नाव कोरे राहते, त्याला आपण होऊन विचारावे लागते. तालुक्यातला माणूस बहुधा हाच असतो. कंत्राटी माणसाचा प्रश्न वेगळा आहे. त्याच्या करारात रजाच नसेल तर त्याचा जोडदिवस पगार कापून जातो, आणि त्याला या वहीत समान धरायचे असेल तर अधिकाऱ्यांना वेगळा मार्ग काढावा लागेल.

शेवटी अर्जाचे. तोंडी ठरल्यावरही कागद हवा. आपल्या लेखा लिपिकाचा अर्ज असा होता:

“गणेशोत्सव व गौरीपूजनासाठी दि. २८ व २९ ऑगस्ट आणि १ व २ सप्टेंबर २०२५ या चार दिवसांची किरकोळ रजा, दि. २७, ३० व ३१ ऑगस्टच्या सुट्ट्यांना जोडून, मिळावी व या काळात मुख्यालय सोडण्याची परवानगी मिळावी. वेतन देयक दि. २५ पर्यंत पूर्ण करून वरिष्ठ सहायक यांच्याकडे सोपवीत आहे. माझे काम दि. २८ व २९ रोजी वरिष्ठ सहायक आणि दि. १ व २ रोजी आवक-जावक लिपिक पाहतील, त्यांच्याशी बोलणे झाले आहे. संपर्कासाठी घरचा दूरध्वनी सोबत देत आहे.”

मुख्यालय सोडण्याच्या परवानगीची ओळ बरेच जण विसरतात. पावसाळ्यात तालुक्यातून बाहेर असताना दरड कोसळली आणि परवानगी नोंदलेली नसली, तर सुट्टीच्या दिवशीही प्रश्न विचारला जातो. कामाचा भार घेणाऱ्या दोघांची नावे दिवसानिशी लिहिली ती याचसाठी. “बाकीचे बघतील” असे लिहिले की त्या दिवशी कोणीच बघत नाही.

२०२६ मध्ये शिवजयंती आणि गुढीपाडवा दोन्ही गुरुवारी आहेत, दसरा मंगळवारी, आणि दिवाळीत रविवारचे लक्ष्मीपूजन व मंगळवारचा पाडवा यांच्यामध्ये सोमवार ९ नोव्हेंबर सापडला आहे. तुमच्या कार्यालयात या वर्षी आतापर्यंत कोणाकोणाला किती जोडदिवस मिळाले ते आधी लिहून काढा, आणि मगच आपला अर्ज लिहायला घ्या.